कुंपणानेच शेत खाल्ले तर?

शेअर बाजाराविषयी मध्यमवर्गीय मराठी घरात पूर्वी दोनच मते असत. एक, तो जुगार आहे. आणि दोन, चांगल्या कंपनीचे शेअर घेऊन वीस वर्षे विसरून जावे. आता तिसरे मत आले आहे. बाजार वर जाईल की खाली हे आपल्याला कळत नाही, हे आधी प्रांजळपणे कबूल करायचे; आणि मग, तो फार वरही जाणार नाही, फार खालीही जाणार नाही, एवढ्याच भरवशावर दर आठवड्याला घरी पैसे आणायचे. बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, संगणक क्षेत्रातली तरुण मंडळी, घर सांभाळून दुपारी पडद्यासमोर बसणाऱ्या गृहिणी असे सगळ्या थरांतले लोक हे करताना दिसतात. त्यासाठी शनिवार-रविवारचे वर्ग भरतात. त्या वर्गांत एक शब्द फार प्रेमाने उच्चारला जातो : उत्पन्न. दर आठवड्याचे उत्पन्न; जवळजवळ पगारच.

या उद्योगाचे सर्वांत नीटनेटके रूप म्हणजे ‘आयर्न काँडॉर’. काँडॉर हे दक्षिण अमेरिकेतले एक मोठे गिधाड. या व्यवहाराच्या नफा-तोट्याचा आलेख काढला तर मध्ये सपाट पाठ आणि दोन्ही बाजूंना पसरलेले पंख दिसतात, म्हणून हे नाव. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, हा व्यवहार वाईट नाही, पण त्याला उत्पन्न म्हणणे चूक आहे. आणि त्यात माणसे बुडतात ती पुष्कळदा या एका चुकीच्या शब्दामुळे. ते पटवून देण्यासाठी एका खऱ्या आठवड्याचा हिशेब मांडतो.

तो आठवडा जून २०२४ मधला. लोकसभेचे मतदान १ जूनला संपले. त्याच संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला भरघोस बहुमत दिले. सोमवारी, ३ जूनला बाजार उसळला. निफ्टी शुक्रवारी २२,५३० अंशांवर होता, तो सोमवारी २३,२६४ वर बंद झाला. मंगळवारी मतमोजणी होती. त्या काळी निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनची मुदत गुरुवारी संपत असे. (सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी संपू लागली.) म्हणजे गुरुवार, ६ जून हा हिशेबाचा दिवस.

सोमवारी संध्याकाळी एखाद्याने असा विचार केला असता : निकाल काय लागणार हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, वाढायचे ते वाढून झाले, गुरुवारपर्यंत निफ्टी २२,५०० ते २४,००० या कुंपणाच्या आत राहील. दीड हजार अंशांचे कुंपण म्हणजे काही चिंचोळी पट्टी नव्हे. या मतावर त्याने चार व्यवहार एकदम केले असते. २४,००० चा कॉल विकायचा आणि २४,३०० चा कॉल विकत घ्यायचा. तसेच २२,५०० चा पुट विकायचा आणि २२,२०० चा पुट विकत घ्यायचा. विकलेल्या दोन ऑप्शनचे प्रीमियम जास्त, घेतलेल्या दोन्हींचे कमी. मधला फरक आपल्या हातात. हा फरक ६० अंश धरू. प्रीमियमचे आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत. निफ्टीचे आकडे मात्र त्या आठवड्यातले खरे आहेत.

निफ्टीचा लॉट तेव्हा २५ चा होता. दहा लॉट केले तर ६० गुणिले २५०, म्हणजे १५ हजार रुपये तीन दिवसांत. गुरुवारी निफ्टी कुंपणात राहिला तर चारही ऑप्शन निकामी होऊन संपतील आणि १५ हजार आपले. कुंपण ओलांडले तर? विकलेल्या आणि विकत घेतलेल्या ऑप्शनमध्ये ३०० अंशांचे अंतर आहे, त्यापलीकडचा तोटा विकत घेतलेला ऑप्शन सोसतो. त्यामुळे जास्तीत जास्त तोटा ३०० वजा ६०, म्हणजे २४० अंश. दहा लॉटवर ६० हजार रुपये. निर्देशांक एका वेळी एकाच बाजूने बाहेर पडू शकतो, म्हणून हा तोटा दोनदा होत नाही. नुसते ऑप्शन विकून मोकळे होणाऱ्यांपेक्षा हा माणूस शहाणा आहे, यात शंका नाही. त्याने आपल्या नुकसानीला तळ बांधून घेतला आहे.

आता ६० आणि २४० हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. मिळवायचे एक, गमवायचे चार. पाच वेळा हा व्यवहार केला, चार वेळा पूर्ण जिंकलो आणि एकदा पूर्ण हरलो, तर हाती काय उरले? शून्य. दलाली आणि करांचे पैसे वर गेले ते वेगळेच. दहांपैकी नऊ वेळा जिंकलो तर पाऊण लाख मिळाले. दहांपैकी सात वेळा जिंकलो तर पाऊण लाख गेले. प्रत्यक्षात अर्धवट नफा-तोट्याचे आठवडेही असतात, पण कणा हाच. वर्गात सांगितले जाते की यात ऐंशी टक्के वेळा यश मिळते. ते खरेही असते. पण ऐंशी टक्के यश ही या व्यवहारातली फुशारकीची गोष्ट नाही, ती उंबरठ्याची पायरी आहे. तिथून पुढे नफा सुरू होतो.

आणि ही पायरी तिथे कोणी ठेवली? बाजारानेच. समोरचा माणूस आपल्याला ६० अंश उगाच देत नाही. निफ्टी कुंपणाबाहेर जाण्याची भीती त्याला जेवढी वाटते, तेवढी किंमत तो मोजतो. आपण त्याला विमा विकला आहे. विमा कंपनीत रोज हप्ते जमा होतात, पण जमा झालेल्या हप्त्याला ती नफा म्हणत नाही. दावे चुकते करून जे उरते तो नफा. आपले काँडॉरवाले मात्र हप्त्यालाच उत्पन्न म्हणतात, आणि दावा आला की त्याला अपघात म्हणतात. इथेच हिशेबाची वही चुकायला सुरुवात होते.

मंगळवारी दावा आला. सकाळी पहिल्या फेऱ्यांचे कल दिसू लागले आणि चाचण्यांचे आकडे कोसळले. भारतीय जनता पक्ष २४० जागांवर थांबला. बहुमताला २७२ लागतात. निफ्टी दिवसात २१,२८१ पर्यंत घसरला आणि २१,८८४ वर बंद झाला. एका दिवसात सुमारे सहा टक्के. आपल्या कुंपणाची खालची बाजू २२,५०० ला होती, विमा घेतलेला तळ २२,२०० ला. निफ्टी दोन्ही ओलांडून पलीकडे गेला होता.

आता कल्पना करा की सोमवारी हा एकच व्यवहार तीन गृहस्थांनी केला होता. मंगळवारी दुपारी तिघांपुढे एकच पडदा होता आणि तिघांनी तीन वेगळे निर्णय घेतले.

पहिले गृहस्थ शिस्तीचे. तोटा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की बाहेर पडायचे, हे त्यांनी आधीच ठरवले होते. पुटची जोडी त्यांनी ३५ अंशांना विकली होती. ती मंगळवारी बंद होण्याच्या सुमारास परत घ्यायला २४० अंश लागले असे धरू. कॉलची बाजू कवडीमोल झाली होती. २४० दिले, ६० आधी मिळाले होते. १८० अंशांचा, म्हणजे ४५ हजारांचा तोटा पत्करून ते मोकळे झाले.

दुसरे गृहस्थ वर्गात पुढच्या बाकावर बसणारे. ‘ॲडजस्टमेंट’ करायची असते हे त्यांना पाठ होते. एक बाजू फसली की दुसरी बाजू बाजाराच्या जवळ आणायची आणि आणखी थोडा प्रीमियम गोळा करायचा. त्यांनी २४,००० चा कॉल सोडून २२,५०० चा कॉल विकला आणि २२,८०० चा घेतला. त्यातून ३० अंश आणखी मिळाले. खाली गेलेला बाजार एवढ्यात सातशे-आठशे अंश वर कशाला येतो?

तिसऱ्या गृहस्थांनी काहीच केले नाही. पडदा बंद करून ते स्वस्थ बसले.

बुधवारी चित्र पालटले. मित्रपक्ष आघाडीतच राहणार हे स्पष्ट झाले, सरकार बनणार याची खात्री पटली आणि निफ्टी २२,६२० वर बंद झाला. गुरुवारी, मुदतीच्या दिवशी, तो २२,८२१ वर बंद झाला. शुक्रवारी तर २३,२९० वर, म्हणजे सोमवारच्या पातळीच्याही किंचित वर. महिनाभराने कोणी आलेख पाहिला असता तर म्हणाला असता, या आठवड्यात विशेष काय झाले? सोमवारी जिथे होता, शुक्रवारी तिथेच.

म्हणजे मूळ मत बरोबर ठरले. गुरुवारी निफ्टी २२,५०० ते २४,००० च्या आतच संपला. पण वह्यांमध्ये काय उमटले? काहीच न केलेल्या तिसऱ्या गृहस्थांना पूर्ण १५ हजार मिळाले. शिस्तीच्या पहिल्या गृहस्थांचे ४५ हजार गेले. आणि सर्वांत जास्त मेहनत घेणाऱ्या दुसऱ्या गृहस्थांचे? त्यांचे पुट निकामी झाले, पण नवीन कॉलची जोडी पूर्ण ३०० अंशांना अंगावर आली. आधीचे ६० आणि नंतरचे ३० वजा केले तरी २१० अंश, म्हणजे साडेबावन्न हजार रुपये गेले. ज्याने कुंपण दुरुस्त केले, त्याचेच शेत कुंपणाने खाल्ले.

दुसऱ्या गृहस्थांची चूक जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण ती फार लोक करतात. सुरुवातीला त्यांना तोटा न होण्याचा पट्टा, ६० अंशांचा प्रीमियम धरून, २२,४४० ते २४,०६० असा सोळाशे वीस अंशांचा होता. दुरुस्तीनंतर तो २२,४१० ते २२,५९० एवढाच उरला. एकशे ऐंशी अंश! ज्या बाजाराने नुकताच एका दिवसात तेराशे ऐंशी अंशांचा पल्ला दाखवला होता, त्याला त्यांनी एकशे ऐंशी अंशांच्या गोठ्यात बांधायचे ठरवले. बदल्यात त्यांना काय मिळाले? कमाल तोटा २४० चा २१० झाला. तीस अंशांच्या सवलतीसाठी त्यांनी वरच्या अंगाची सगळी मोकळीक विकून टाकली. त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. तो एक नवाच व्यवहार होता, तोही आधीच्यापेक्षा वाईट. आणि त्यांनी तो पहिल्याच्या तोट्याची रुखरुख शमवण्यासाठी केला होता.

यावरून कोणी म्हणेल, मग तिसऱ्या गृहस्थांचा धडा घ्यावा, स्वस्थ बसावे. हा या गोष्टीचा सर्वांत धोकादायक अर्थ होईल. गुरुवारी निफ्टी मंगळवारच्याच पातळीवर राहिला असता, तर स्वस्थ बसण्याची किंमत पूर्ण ६० हजार झाली असती. मंगळवारी दुपारी मित्रपक्ष काय करणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. तिसऱ्या गृहस्थांना बक्षीस मिळाले ते नशिबाचे, आणि नशिबाने दिलेला धडा माणूस शहाणपण म्हणून जपून ठेवतो. पुढच्या खेपेलाही ते स्वस्थ बसतील, आणि कदाचित तेव्हा बाजार परत येणार नाही.

माझ्या मते या आठवड्याचा खरा अर्थ निराळा आहे. ‘बाजार अमुक पट्ट्यात राहील’ हे आपल्याला एक मत वाटते, पण त्यात तीन मते दडलेली असतात. मुदतीच्या दिवशी निर्देशांक कुठे असेल, हे पहिले. तिथे तो कोणत्या वाटेने पोचेल, हे दुसरे. आणि वाटेत भीतीचा भाव किती चढेल, हे तिसरे. काँडॉर मांडणारा बहुधा पहिल्या मताचाच विचार करतो. पण मुदतीपर्यंत टिकून राहणे त्याच्या हाती असतेच असे नाही. तोटा दिसू लागला की मार्जिन वाढते, घरचे विचारू लागतात, झोप उडते. जो वाटेतच गाडीतून उतरतो त्याला गाडी वेळेवर पोचली याचा काय उपयोग?

भीतीच्या भावाविषयी थोडे सांगायला हवे. निफ्टीच्या ऑप्शनच्या प्रीमियमवरून राष्ट्रीय शेअर बाजार ‘इंडिया व्हिक्स’ नावाचा आकडा काढतो. पुढचा महिनाभर बाजार किती हलेल असे प्रीमियम सांगतात, तो अंदाज वर्षाच्या टक्केवारीत मांडलेला असतो. त्याला १६ ने भागले की साधारण एका दिवसाचा, आणि ७.२ ने भागले की एका आठवड्याचा पल्ला मिळतो. तीनपैकी दोन वेळा बाजार त्या पल्ल्यात राहील, असा त्याचा अर्थ. ३ जूनला व्हिक्स २१ च्या आसपास होता. म्हणजे दिवसाला सव्वा ते दीड टक्का. प्रत्यक्षात पडला सहा टक्के. मंगळवारी व्हिक्स २७ च्या जवळ गेला, बुधवारी १९ च्या आत आला. काँडॉरवाल्याने ऑप्शन विकलेले असतात, त्यामुळे हा आकडा चढला की निर्देशांक जागचा न हलताही त्याचा कागदी तोटा वाढतो. एकीकडे दिवस सरत असल्याने प्रीमियम झिजत असतो, दुसरीकडे भीतीने तो फुगत असतो. वर्गात झिजेविषयी तासभर बोलतात. फुगवट्याविषयी पाच मिनिटे.

पण माझ्या अनुभवाने मोठा धोका व्हिक्स चढतो तेव्हाचा नसतो. तो व्हिक्स बरेच दिवस खाली असतो तेव्हाचा असतो, आणि तिथे ‘उत्पन्न’ हा शब्द आपले काम करतो. समजा निफ्टी २३,००० ला आहे. व्हिक्स २१ असेल तर आठवड्याचा पल्ला पावणेसातशे अंशांच्या जवळ येतो. व्हिक्स १२ असेल तर जेमतेम पावणेचारशे. शांत काळात विम्याचे दर पडतात, त्यामुळे त्याच कुंपणाला आता ६० नव्हे, पंधरा-वीस अंशच मिळू लागतात. विमा कंपनी अशा वेळी म्हणेल, दर परवडत नाही, धंदा कमी करू. पण ज्याने आठवड्याला १५ हजारांचा पगार ठरवून टाकला आहे, त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात. कुंपण बाजाराच्या जवळ ओढायचे, किंवा लॉट वाढवायचे. बहुतेक जण दोन्ही करतात. म्हणजे प्रीमियम सर्वांत स्वस्त असताना कुंपण सर्वांत चिंचोळे आणि पणाला लागलेली रक्कम सर्वांत मोठी. खर्चाची गरज बाजारातून पगारासारखी वसूल करायला निघालेला माणूस नेमका चुकीच्या वेळी धीट होतो. यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. महिन्याच्या एक तारखेचा आहे.

दुसरा एक समज असा की ‘स्टॉप लॉस’ लावला की काळजी मिटली. ४ जूनला घसरण बाजार चालू असताना झाली, म्हणून पहिल्या गृहस्थांना निदान बाहेर पडता आले. ७ एप्रिल २०२५ चा सोमवार आठवा. अमेरिकेने लादलेल्या आयातशुल्काच्या धसक्याने जगभरचे बाजार गडगडले होते. आदल्या शुक्रवारी निफ्टी २२,९०४ वर बंद झाला होता, सोमवारी उघडला तोच २१,७५८ ला. या दोन आकड्यांच्या मध्ये साडेअकराशे अंश आहेत, पण त्यांतल्या एकाही अंशावर कोणाला सौदा करता आला नाही. ज्यांची रेषा मध्ये कुठेतरी होती, त्यांच्यासाठी ती नव्हतीच. शिवाय अशा सकाळी घेणाऱ्या आणि विकणाऱ्याच्या भावांत मोठी दरी पडते, आणि काँडॉर मोडायला एक नव्हे, चार सौदे लागतात. घाईत काही जण नफ्यात आलेला विकत घेतलेला ऑप्शन आधी विकून टाकतात, कारण तेवढेच हिरवे आकडे समोर दिसतात. त्या क्षणी त्यांच्या नुकसानीचा तळ निघून जातो. बाहेर पडताना आधी विकलेले ऑप्शन परत घ्यायचे, मग घेतलेले विकायचे; हा क्रम उलटला की आयर्न काँडॉरमधले लोखंड गेले.

आणि वाईट आठवडे एकेकटे येत नाहीत. ‘पाचांत एकदा हरू’ या हिशेबात असे गृहीत असते की प्रत्येक आठवडा हा नव्याने फेकलेला फासा आहे. तसे नसते. अशांत दिवस अशांत दिवसांना चिकटून येतात. मार्च २०२० मध्ये १३ तारखेला निफ्टी सकाळीच दहा टक्के कोसळून व्यवहार थांबवावे लागले, आणि त्याच दिवशी तो आदल्या दिवसापेक्षा वर बंद झाला. दहा दिवसांनी, २३ तारखेला, तो तेरा टक्के पडला. अशा महिन्यात ओळीने दोन-तीन दावे येतात, तेही वरच्या आणि खालच्या दोन्ही कुंपणांवर. तीन लाख भांडवलावर दहा लॉट करणाऱ्याचे एका आठवड्यात वीस टक्के जातात. तीन आठवड्यांत साठ. मग बारा जिंकलेले आठवडे लागतात, आणि ते जिंकायला भांडवल उरलेले नसते.

मग हा व्यवहार कोणी करूच नये का? मी असे म्हणणार नाही. लोक धोक्याला घाबरून विम्यासाठी वाजवीपेक्षा जास्त मोजतात, असे पुष्कळदा घडते. तेव्हा विमा विकणाऱ्याला खरा मोबदला मिळतो. पण त्याने विमेवाल्यासारखे वागावे. सौदा करण्यापूर्वी मिळणारा प्रीमियम कुंपणापलीकडच्या अंतराशी ताडून पाहावा. ३०० अंशांच्या अंतराला ६० मिळत असतील तर पाचांत चार वेळा जिंकणे ही केवळ बरोबरी. ३० मिळत असतील तर दहांत नऊ. तेवढा आत्मविश्वास नसेल तर त्या आठवड्यात दुकान बंद ठेवावे. एका आठवड्याचा कमाल तोटा एवढाच असावा, की तो ओळीने तीनदा झाला तरी चौथ्यांदा शांतपणे बसता येईल. आणि मार्जिन कमी लागते म्हणून लॉट वाढवू नयेत. मार्जिन ही दलालाची सोय आहे, आपल्या ऐपतीचे माप नव्हे. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीच्या आदेशानुसार निफ्टीचा नवा लॉट २५ वरून ७५ चा झाला, तेव्हा ‘आपले नेहमीचे दहा लॉट’ म्हणणाऱ्यांचा धोका रातोरात तिप्पट झाला.

आणखी एक खूण फार उपयोगी आहे. सौदा आपल्या बाजूने गेला आणि ६० पैकी ५० अंश हाती आले, की थांबून विचारावे : आता मला हा सौदा नव्याने करायचा असता तर मी केला असता का? उरलेले दहा अंश मिळवण्यासाठी दोनशे नव्वद अंश पणाला लागलेले असतात. सुरुवातीला एकास चार होते, ते आता एकास एकोणतीस झाले. पडद्यावर सगळे हिरवे असताना आपण सर्वांत वाईट भावाने विमा विकत असतो. दहा अंश सोडून देणाऱ्याला वर्गात भित्रा म्हणतात. मला तो हिशेबी वाटतो.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनच्या व्यवहारात उतरलेल्या वैयक्तिक सौदेकर्‍यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर. त्यात सगळ्या तऱ्हेचे सौदे आले, सगळा दोष काँडॉरला देता येणार नाही. पण मर्यादित तोट्याचा, नीट आखलेला हा व्यवहार शिकून आपण त्या ९३ मधून आपोआप बाहेर पडलो, असे ज्यांना वाटते त्यांनी एवढे करावे. आपली वही काढावी आणि जमेच्या रकान्यावर ‘उत्पन्न’ लिहिले असेल तर ते खोडून ‘हप्ते जमा’ असे लिहावे. शेजारी ‘दावे’ असा दुसरा रकाना आखावा. वर्गात शिकवणाऱ्या गुरुजींनाही तो दुसरा रकाना दाखवायला सांगावे. ४ जूनच्या आठवड्याचा तर आवर्जून.

दोन्ही रकान्यांची वर्षाअखेर वजाबाकी करून जे उरेल, ते आपले. तोवर त्यातून दुधाचे बिल देऊ नये.